कलमात ‘मन’ कुठे शोधायचं? दोषी कृत्य, दोषी मन आणि कठोर दायित्व : नव्यांसाठी वाचनाची पद्धत

फौजदारी कायदा शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात दोन लॅटिन शब्द कानावर पडतात : अॅक्टस रिअस आणि मेन्स रिआ. पहिला म्हणजे दोषी कृत्य, दुसरा म्हणजे दोषी मन. दोन्ही एकत्र आल्याशिवाय गुन्हा नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. परीक्षेत किंवा पहिल्या ब्रीफमध्ये अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. समोर एखादं कलम असतं, त्यात ‘उद्देश’ नाही, ‘जाणूनबुजून’ नाही, काहीच नाही. मग मनाचा विचार करायचा की नाही? ‘शब्द नाही म्हणजे कठोर दायित्व’, म्हणजे दोषी मन सिद्ध न करताही गुन्हा, असं घाईत लिहून मोकळं होणारे पुष्कळ असतात. ते चूक आहे. कसं चूक आहे, आणि बरोबर उत्तरापर्यंत कसं जायचं, ते पायरीपायरीने पाहू. उदाहरणाला घेऊ मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर घडलेला एक खटला. या विषयावर भारतात इतका वादलेला दुसरा खटला क्वचितच सापडेल.

पहिली पायरी : कलमाचे तुकडे करा

गुन्ह्याचं नाव विसरा आणि कलमाचं वाक्य फोडा. भारतीय न्याय संहितेतलं चोरीचं कलम ३०३ घ्या. त्यातली कृत्याची बाजू अशी : जंगम मालमत्ता हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी आणि ती वस्तू हलवलेली असावी. मनाची बाजू एवढीच : ती अप्रामाणिकपणे घेण्याचा उद्देश.

आता एक प्रसंग. स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये दोन सारख्या रंगाच्या, सारख्या मॉडेलच्या स्कूटर उभ्या आहेत. जुन्या किल्ल्या झिजल्या की कधीकधी एकीची दुसरीला लागते. रात्री घाईत एक गृहस्थ दुसऱ्याची स्कूटर आपली समजून घरी नेतात. कृत्याच्या बाजूचे चारही तुकडे पूर्ण झाले, पण मनाचा तुकडा रिकामा आहे, म्हणून चोरी नाही. तेच गृहस्थ सकाळी नंबरप्लेट पाहतात, चूक लक्षात येते, तरीही गाडी ठेवून घेतात. इथे प्रश्न बदलतो. अप्रामाणिक मन आता आलं, पण ‘हलवणं’ आदल्या रात्रीच होऊन गेलेलं. कृत्य आणि मन एकाच वेळी एकत्र यावे लागतात, त्यामुळे आदल्या रात्रीच्या हलवण्याला सकाळचं मन मागे जाऊन चिकटवता येत नाही. कदाचित मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराचं, म्हणजे कलम ३१४ चं प्रकरण होईल. वेळेचा हा सांधा तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दुसरी पायरी : कृत्य खरंच पूर्ण झालं का?

मनाकडे धावण्याआधी इथे थांबा. कृत्य म्हणजे नुसती हातापायांची हालचाल नव्हे. ते माणसाच्या इच्छेने झालेलं असावं लागतं. गर्दीच्या लोकलमध्ये मागून धक्का बसून कुणी दुसऱ्यावर आदळला, तर आदळणं हे त्याचं कृत्यच नाही. उलट, काहीही न करणं हेसुद्धा कृत्य ठरू शकतं, मात्र त्यासाठी कायद्याने घातलेलं कर्तव्य असावं लागतं. पोटच्या मुलाला उपाशी ठेवणारी आई या चौकटीत येते. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाकडे बघून पुढे जाणारा पादचारी सहसा येत नाही, मग आपल्याला त्याचं वागणं कितीही खटको.

कृत्याच्या बाजूला ‘परिस्थिती’ही असते. संमती नसणं, वस्तू चोरीची असणं, परवाना नसणं या गोष्टी आरोपी करत नाही, त्या आधीच असतात. पण त्या सरकार पक्षाला सिद्ध कराव्याच लागतात. पुढे कठोर दायित्वाचा सगळा वाद याच परिस्थितीभोवती फिरतो, म्हणून हा तुकडा नीट वेगळा काढून ठेवा.

तिसरी पायरी : मनाचा शब्द कोणता आहे?

‘दोषी मन’ ही एकच एक अवस्था नाही. कलमागणिक तिची पातळी बदलते. कुठे उद्देश लागतो, कुठे जाणीव पुरते, कुठे ‘तसं समजण्यास कारण होतं’ एवढंही चालतं, आणि हयगयीने मृत्यू घडवण्याच्या कलम १०६ सारख्या ठिकाणी अविचार किंवा हयगय पुरते. उद्देश आणि हेतू यांची गल्लत करू नका. भुकेल्या पोरासाठी पाव उचलणाऱ्याचा हेतू कळवळ्याचा असेल, पण पाव अप्रामाणिकपणे घेण्याचा उद्देश तसाच राहतो. हेतूचा विचार शिक्षेच्या वेळी होतो.

मन दिसत नाही, मग ते सिद्ध कसं करतात? परिस्थितीवरून. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेण्याचं कलम ३१७ पाहा. त्यात माल चोरीचा असल्याची जाणीव किंवा तसं समजण्यास कारण, यापैकी काहीतरी लागतं. भंगारवाल्याकडे रात्री अकरा वाजता कुणीतरी वीजमंडळाच्या तांब्याच्या तारेची गुंडाळी आणतो, बाजारभावाच्या पाव किमतीला देतो, पावती मागत नाही आणि नाव सांगत नाही. भंगारवाला कोर्टात म्हणतो, ‘मला काय माहीत?’ वेळ, भाव, मालाचं स्वरूप आणि पावतीचा अभाव मिळून त्याला समजण्यास कारण होतं की नाही, हे न्यायाधीश ठरवतात. उलटतपासणीत नेमके याच चार गोष्टींवरचे प्रश्न येतात.

चौथी पायरी : शब्दच नसेल तर

आता मूळ प्रश्न. कलमात मनाचा शब्द नाही. तरीही सुरुवात एका गृहीतकापासून करायची : संसदेने काही म्हटलं नसलं तरी दोषी मन लागतंच. इंग्लंडमध्ये १८९५ च्या शेरास खटल्यात हे स्पष्टपणे मांडलं गेलं. ड्यूटीवरच्या पोलिसाला दारू विकू नये असा नियम होता. शिपायाने दंडावरची पट्टी काढून ठेवलेली होती, म्हणून दारूवाल्याला तो ड्यूटीवर नाही असं वाटलं. कलमात ‘जाणूनबुजून’ नव्हतं, तरी दारूवाला सुटला. हे गृहीतक आपल्याकडच्या न्यायालयांनीही स्वीकारलं आहे.

गृहीतक खोडून काढता येतं, पण त्यासाठी कारणं लागतात. कायद्याची भाषा काय आहे, त्याचा विषय काय आहे, मनाची अट घातली तर कायद्याचा उद्देशच फसतो का, आणि शिक्षा किती जड आहे, हे प्रश्न विचारायचे. उत्तरं एका दिशेला झुकली तरच कठोर दायित्व म्हणायचं. म्हणजे कठोर दायित्व हा सगळं तपासल्यानंतर काढायचा निष्कर्ष आहे. कलमावर नजर टाकून तो मिळत नाही.

सांताक्रूझचं सोनं

महाराष्ट्र राज्य विरुद्ध मायर हान्स जॉर्ज. जॉर्ज हा जर्मन नागरिक. २७ नोव्हेंबर १९६२ रोजी तो झुरिकहून मनिलाला निघाला. त्याच्या अंगात खास शिवून घेतलेलं जाकीट होतं. त्याला २८ कप्पे, त्यातल्या १९ कप्प्यांत सोन्याच्या लगडी, एकूण सुमारे ३४ किलो. विमान वाटेत मुंबईला उतरणार होतं. २८ तारखेला सकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी ते सांताक्रूझला उतरलं. जॉर्ज विमानातून खाली उतरलाच नाही. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी विमानाचा मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची यादी तपासली. त्यात सोन्याची नोंद नव्हती. मग विमानात जाऊन त्यांनी जॉर्जची झडती घेतली.

भारतातून पुढे जाणाऱ्या सोन्याला आधी रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनेने मोकळीक होती. ८ नोव्हेंबर १९६२ च्या नव्या अधिसूचनेने त्यावर अट घातली : असं सोनं मॅनिफेस्टमध्ये नोंदवलेलं हवं. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली गेली २४ नोव्हेंबरला. जॉर्ज झुरिकहून निघाला त्याच्या तीनच दिवस आधी.

आपली पद्धत इथे लावू. कायदा होता परकीय चलन नियमन कायदा, १९४७. कलम ८ आणि शिक्षेसाठी कलम २३. कृत्य : परवानगीशिवाय सोनं भारतात आणणं. पण तो तर उतरलाच नाही, मग ‘आणलं’ कसं? कलमाच्या स्पष्टीकरणात तरतूद होती की पुढे नेण्यासाठी असलेली वस्तू विमानातून न उतरवताही भारतातल्या ठिकाणी आली तर ती आणलीच समजायची. तेव्हा कृत्य पूर्ण झालं. परिस्थितीचा तुकडा : मॅनिफेस्टमध्ये नोंद नाही. तोही पूर्ण. मनाचा शब्द : एकही नाही.

प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्याला दोषी धरून एक वर्षाची सक्तमजुरी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने सोडून दिलं. नियम बदलल्याचं त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे दोषी मन नाही. शिवाय अंगावरच्या सोन्याला मॅनिफेस्टची अट लागूच होत नाही, असंही उच्च न्यायालयाचं मत पडलं. सर्वोच्च न्यायालयात, १९६४ साली, निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. न्या. राजगोपाल अय्यंगार आणि न्या. मुधोळकर यांनी जॉर्जला दोषी ठरवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : हा कायदा सोन्याची तस्करी थांबवून देशाचं परकीय चलन वाचवण्यासाठी आहे. आपण नियम मोडतोय हे आरोपीला ठाऊक होतं, असं सिद्ध करण्याची अट त्यात घातली तर कायदा निकामी होईल. अधिसूचना राजपत्रात आली, एवढं पुरे. तीन दिवसांत परदेशी प्रवाशापर्यंत ती पोचली का, हा प्रश्न त्यांनी निर्णायक मानला नाही. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावर आणली. न्या. सुब्बाराव यांचा विरोधी निकाल वाचण्यासारखा आहे. त्यांच्या मते गृहीतक खोडण्याइतकं काहीच इथे नव्हतं, आणि मनाची अट मानली तरी तस्करी रोखण्याच्या कामात अडथळा येत नाही.

मला या खटल्याबद्दल एक खटकतं, आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरात लिहावं असं वाटतं. जाकिटात सोनं आहे हे जॉर्जला ठाऊक होतं. विमान मुंबईला थांबणार हेही. त्याला ठाऊक नव्हता तो फक्त नियम. म्हणजे वस्तुस्थितीबद्दल त्याचं अज्ञान नव्हतं, कायद्याबद्दल होतं, आणि कायद्याचं अज्ञान हा बचाव साध्या, मन लागणाऱ्या गुन्ह्यातसुद्धा चालत नाही. त्यामुळे बहुमताने कठोर दायित्वाबद्दल जे लिहिलं ते थोडं बाजूला ठेवलं तरी निकाल तोच येऊ शकला असता. खरी कठोर दायित्वाची कसोटी लागली असती ती कुणी त्याच्या नकळत जाकिटाच्या अस्तरात सोनं शिवलं असतं तर. तुमच्यासमोर कुठलंही प्रकरण आलं की आधी विचारा : आरोपीचं अज्ञान नेमकं कशाबद्दल आहे, वस्तुस्थितीबद्दल की नियमाबद्दल?

मग नथुलाल का सुटला?

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, नथुलाल विरुद्ध मध्य प्रदेश हा खटला आला. नथुलाल धारचा धान्यव्यापारी. अत्यावश्यक वस्तू कायद्याखालच्या आदेशाप्रमाणे परवाना हवा होता. त्याने अर्ज केला, फी भरली, आणि परवाना येईलच या समजुतीने गहू साठवला. सरकारला विवरणपत्रंही पाठवत राहिला. अर्ज फेटाळल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही. पुढे साठा सापडला आणि खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. या कायद्यातही दोषी मन लागतं, असा निकाल लिहिणारे होते न्या. सुब्बाराव, जॉर्जच्या खटल्यात एकटे पडलेले तेच.

दोन्ही कायदे आर्थिक, दोन्हींत मनाचा शब्द नाही, आणि निकाल उलटे. परीक्षेत ‘दोघांत सुसंगती दाखवा’ असा प्रश्न आला तर ओढूनताणून सुसंगती लावत बसू नका. फरक आहे तो असा : नथुलालची समजूत एका वस्तुस्थितीवर उभी होती, अर्ज प्रलंबित आहे या, आणि ती समजूत सरकारी खात्याच्याच गप्प बसण्यामुळे टिकली.

पुढे काय झालं ते जास्त शिकवणारं आहे. १९६७ मध्ये संसदेने या कायद्याच्या शिक्षेच्या कलमात ‘जाणूनबुजून, उद्देशपूर्वक किंवा अन्यथा’ असे शब्द घातले. ‘अन्यथा’ या एका शब्दाने मन बाहेर. मग १९७४ मध्ये ते शब्द काढून टाकले आणि कलम १०-सी आणलं. त्याप्रमाणे न्यायालय दोषी मन आहेच असं गृहीत धरतं, आणि ते नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं, तेही वाजवी संशयापलीकडे. म्हणजे एकाच कायद्याने सात वर्षांत तीन घरं बदलली : मन सरकारने सिद्ध करायचं, मन लागतच नाही, आणि मन नव्हतं हे आरोपीने दाखवायचं.

पाचवी पायरी : मधलं घर ओळखा

हे तिसरं घर नवख्यांच्या नजरेतून सर्वाधिक सुटतं. ते कठोर दायित्व नाही, कारण बचावाची वाट शिल्लक असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १९९-ए पाहा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी समजला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. पण परंतुक आहे : गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळण्यासाठी आपण पुरेपूर दक्षता घेतली, हे त्याने सिद्ध केलं तर तो सुटतो. ‘किल्ली कपाटात होती’ असं नुसतं म्हणून भागणार नाही. कपाटाला कुलूप होतं का, मुलाने आधी कधी गाडी नेली होती का, त्यावर काय केलं, हे पुराव्यासह मांडावं लागतं.

याउलट परक्राम्य संलेख कायद्यातलं, धनादेश न वटण्याचं कलम १३८. धनादेश दिला तेव्हा तो परत येईल असं समजण्यास कारण नव्हतं, हा बचावच नाही, असं कलम १४० सांगतं. ‘त्या तारखेला पगार जमा होईल असं वाटलं होतं’ हे वाक्य इथे निरुपयोगी. मात्र कायद्याने कठोरपणाला उतारा म्हणून नोटिशीनंतर पैसे भरायला १५ दिवस दिले आहेत. त्या मुदतीत रक्कम दिली तर गुन्हाच पूर्ण होत नाही.

अन्नसुरक्षा कायदा, २००६ दोन्हींचं मिश्रण करतो. कलम ८० प्रमाणे योग्य दक्षता घेतल्याचा बचाव मिळतो, पण ‘माझी समजूत चुकली, तरी ती वाजवी होती’ हा बचाव स्पष्ट शब्दांत नाकारलेला आहे. डेअरीवाल्याने ‘दूध चांगलंच असेल असं वाटलं’ म्हणून उपयोग नाही. टँकर आल्यावर तपासणी केली, नोंदवही ठेवली, संशयित दूध परत पाठवलं, हे दाखवलं तर बचाव उभा राहतो.

म्हणून शिक्षेचं कलम वाचून वही मिटू नका. कायद्याच्या शेवटाकडे ‘बचाव’, ‘गृहीतके’, ‘कंपन्यांकडून होणारे गुन्हे’ अशा शीर्षकांची कलमं दडलेली असतात. उत्तर बहुतेकदा तिथे सापडतं.

शेवटची पायरी : कठोर म्हणजे बिनबचाव नव्हे

कठोर दायित्वात मनाचा भार जातो, कृत्याचा जात नाही. शिवाय न्याय संहितेच्या तिसऱ्या प्रकरणातले सर्वसाधारण अपवाद विशेष कायद्यांखालच्या गुन्ह्यांनाही लागू होतात. सात वर्षांखालचं मूल किंवा कृत्याचं स्वरूप न कळणारा मनोरुग्ण तिथेही सुटतो. अन्नसुरक्षा कायद्याला चुकीच्या समजुतीचा बचाव मुद्दाम नाकारावा लागला, तो म्हणूनच. (ऑलियम वायुगळतीच्या निकालातलं ‘संपूर्ण दायित्व’ नुकसानभरपाईचं आहे. ते इथे आणू नका, परीक्षक वैतागतात.)

कृत्याच्या बाजूवर कसं लढायचं याचा नमुना विमानतळावरच रोज दिसतो. प्रवाशाच्या बॅगेत एक जिवंत काडतूस सापडतं. शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बाळगणं गुन्हा, आणि कलमात ‘जाणूनबुजून’ नाही. पण ‘ताबा’ या शब्दातच जाणीव येते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यापासून मानलं आहे. वस्तू आपल्याकडे आहे हेच माहीत नसेल तर ताबा नाही, आणि ताबा नाही तर कृत्यच अपुरं. बॅग भावाची होती, त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे, काडतूस आतल्या चेनच्या कप्प्यात होतं, सोबत शस्त्र नव्हतं, असे तपशील कागदोपत्री आले तर उच्च न्यायालयांनी असे गुन्हे अनेकदा रद्द केले आहेत. तेव्हा अशा प्रकरणात अर्ज लिहिताना ‘दोषी मन नव्हतं’ एवढ्यावर थांबू नका. ‘जाणीवपूर्वक ताबाच नव्हता’ हा मुद्दा पहिला घ्या, आणि त्याखाली भावाच्या परवान्याची प्रत जोडा.